उशीर झाल्याचं पत्र: आधी तारीख, मग शंका
"विक्रीखताचं इंग्रजी भाषांतर उद्या द्यायचंय, पण मूळ कागदातच गोंधळ आहे. क्लायंटला पत्रात काय लिहू?"

भाऊ, पहिल्याच ओळीत नवीन तारीख टाका, म्हणजे "मंगळवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण फाइल देतो, तयार पानं आत्ता सोबत जोडली आहेत", उशिराचं कारण एका वाक्यात पुरे, माफीचा पाल्हाळ कोणी वाचत नाही.

मग शंका. इकडे नागपुरात शेतीच्या विक्रीखतांमध्ये असं नेहमी दिसतं की मजकुरात "दोन एकर" असतं अन् परिशिष्टात "०.१८ हेक्टर". आता दोन एकर म्हणजे साधारण ०.८१ हेक्टर, म्हणजे टायपिंगमध्ये आकडे उलटे झाले असावेत हे दिसतंच, पण तरी आपण दुरुस्त करायचं नाही हो, तो अधिकार आपला नाही. पत्रात असं लिहा: "पान ३ वर दोन एकर, पान ७ च्या परिशिष्टात ०.१८ हेक्टर, दोन्ही जुळत नाहीत. भाषांतरात दोन्ही जसंच्या तसं ठेवून खाली अनुवादकाची टीप दिली आहे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र पाहून सोमवारी दुपारपर्यंत कळवा, उत्तर नाही आलं तर टीपेसह फाइल देईन."

सातबारा वेगळं सांगत असला तरी भाषांतरातला आकडा बदलू नका, फक्त टीप बदला. नोंदणी झालेला दस्त दुरुस्त करायचा तर पक्षकारांनी चूक दुरुस्ती लेख नोंदवावा लागतो, हेही क्लायंटला एका ओळीत सांगून ठेवा, नाहीतर तो तुम्हालाच म्हणेल की तेवढं नीट करून द्या.