पोर्टलवर अर्ज केल्यावर मॅनेजरला थेट मेसेज केलात का? अनुभव सांगा

घोडबंदरवाली: माझ्यापासून सुरुवात. महापेच्या एका कंपनीत डिस्पॅच प्लॅनरसाठी पोर्टलवर अर्ज टाकला. चौथ्या दिवशीही 'अंडर रिव्ह्यू'. जाहिरातीत होतं, 'लॉजिस्टिक्स हेडला रिपोर्टिंग', त्यावरून लिंक्डइनवर माणूस सापडला. मेसेज असा:

'नमस्कार सर, डिस्पॅच प्लॅनरच्या जागेसाठी (जॉब आयडी 4471) सोमवारी पोर्टलवर अर्ज केला आहे. जाहिरातीत न्हावा शेवाच्या कंटेनर बुकिंगचा उल्लेख आहे. ते काम मी चार वर्षं करते आहे. गेट कट-ऑफ चुकून मागे राहणारे कंटेनर महिन्याला आठ-नऊवरून दोनवर आले. माहितीसाठी कळवलं, उत्तराची अपेक्षा नाही.'

पाच दिवसांनी एचआरचा फोन आला. मेसेजमुळेच की कसं, देव जाणे.

ऐरोलीकर: मी टेबलापलीकडचा. आमच्याकडे अर्ज आधी एचआर चाळतं, माझ्यापर्यंत दहा-बारा पोचतात. जॉब आयडी दिलात ते बरं केलंत. तो असला की मी एचआरला एका ओळीत 'हा बायोडेटा काढा' म्हणू शकतो. नुसत्या नावावर एकाच आडनावाचे तिघे निघतात. आणि कंटेनरचं वाक्य! 'मेहनती आहे, टीममध्ये काम करते' असतं, तर मी ते वाचून सोडून दिलं असतं. 'पंधरा मिनिटं बोलू का' मात्र लिहू नका. चाळणी चालू असताना एकाशीच बोलणं मला बरं वाटत नाही, म्हणून अशांना मी उत्तरच देत नाही. उत्तर नाही म्हणजे नकार, असंही समजू नका.

वागळे इस्टेट: मी तर दर दोन दिवसांनी आठवण करून देतो. एकदा नोकरी मिळाली त्यानेच.

ऐरोलीकर: मिळालीही असेल. माझ्याकडे तिसऱ्या आठवणीला लोक म्यूट होतात. आठवड्याने एकदाच, तेही सांगण्यासारखं काही नवं असेल तर. आणि रात्री व्हॉट्सॲपवर नको, नंबर कुठून मिळवला हाच प्रश्न आधी पडतो.

कोपरखैरणे_सेक्टर: माझं वेगळंच झालं. पोर्टलवर अर्ज केला, मॅनेजरला मेसेजही केला, मग कळलं की शेजारचा दादा त्याच कंपनीत आहे. तो रेफर करायला गेला तर सिस्टिम म्हणे, हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे. त्याचा रेफरल बोनस बुडाला, आणि आमच्या गच्चीतल्या गप्पाही थंडावल्या. आधी ओळखीत कोणी आहे का ते बघा.

कळवा_नाका: मला रिजेक्शनचा मेल आलाय. आता मेसेज करू का?

घोडबंदरवाली: अहो, धागा नकाराआधीचा आहे! पण विचारलंतच तर, तो मेल एचआरने पाठवला की सिस्टिमने आपोआप, ते कळतं का?

कळवा_नाका: खाली 'नो-रिप्लाय' आहे. अर्ज केल्यापासून अकरा मिनिटांत आला.

ऐरोलीकर: अकरा मिनिटांत? मग बायोडेटा कुणी उघडलाच नसेल बहुधा. फॉर्ममधला नोटिस पिरियड किंवा अनुभवाची वर्षं काय भरली होतीत?