मदत हवी आहे : शनिवारवाड्याच्या माहितीफलकाचे इंग्रजी भाषांतर

वाटसरू : शनिवारवाड्याच्या वारसाफेरीचा मजकूर इंग्रजीत करायचा आहे आणि तो सोमवारी छपाईला जाणार आहे. दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना, आतल्या देवड्या आणि वाड्यातील चौक, एवढ्यावरच मी अडलो आहे. शब्द तसेच ठेवले तर परक्याला कळत नाहीत आणि बदलले तर वाड्याचे वाडापण जाते. कृपया लवकर सुचवा.

नोंदवही : मजकूर फलकावर लागणार आहे की हातात धरायच्या पत्रकात छापला जाणार आहे? शब्दमर्यादा किती आहे, हेही सांगावे.

अक्षरवेल : सर्व मराठी शब्द ठेवून शेवटी शब्दार्थांची यादी द्यावी. आमच्या पुस्तिकेत ही पद्धत उत्तम चालली.

वाटसरू : फलकच आहे, दरवाजातून आत गेल्यावर लागणारा. मर्यादा ऐंशी शब्दांची आहे.

नोंदवही : मग अक्षरवेल यांची यादी इथे निरुपयोगी ठरेल, कारण उन्हात उभा असलेला माणूस खाली अर्थ शोधून पुन्हा वर वाचायला येत नाही. आधी फलकापाशी उभे राहून काय दिसते ते पाहावे. नगारखाना आणि देवड्या आजही दिसतात, म्हणून ते शब्द रोमन लिपीत ठेवून वाक्यातच त्यांचे काम सांगावे: 'दरवाजावरच्या ज्या मजल्यावर नगारे वाजत तो नगारखाना', 'दोन्ही बाजूंना पहारेकरी बसत त्या देवड्या'. चौकाचे मात्र तसे नाही. 1828 च्या आगीनंतर आतील इमारतींची जोतीच उरली आहेत. त्यामुळे नुसता 'चौक' लिहिला तर वाचक रस्त्यांचा चौक समजेल आणि 'स्क्वेअर' लिहिले तरी तोच घोळ होईल. तिथे 'कोर्टयार्ड' लिहून त्याच्या चारही बाजूंना दालने होती, हे सांगण्यासाठी चार शब्द जास्त खर्च करावेत.

गडवाट : राजगडावर सुवेळा माचीसाठी 'टेरेस' असे लिहिलेले पाहून मला फार वाईट वाटले होते, कारण त्या शब्दाने डोंगराच्या सोंडेवरची ती लांबच लांब तटबंदी डोळ्यांसमोर येतच नाही. माझे स्पष्ट मत आहे की एकही शब्द बदलू नये. पाहुणा जागेवर उभा असतो, त्याला आपोआप समजते.

नोंदवही : माची समोर दिसते, म्हणून आपले म्हणणे तिथे खरे आहे. जळून गेलेला चौक आपोआप कसा समजेल?

शाई : फलकासाठी पत्र्याऐवजी दगड वापरावा, रंग लवकर उडतो.

वाटसरू : धन्यवाद, पण प्रश्न मजकुराचा आहे. दिल्ली दरवाजाचे 'दिल्ली गेट' करावे का?

अक्षरवेल : अवश्य करावे. 'दिल्ली दरवाजा गेट' ही द्विरुक्ती तरी टळेल.

नोंदवही : मला ते पटत नाही. खुद्द दिल्लीत त्याच नावाची वेस आहे. नाव तसेच ठेवून 'उत्तरेकडे, दिल्लीच्या दिशेला तोंड असलेला' एवढे जोडावे, म्हणजे नावाचे कारणही कळेल. फेरीच्या नकाशावर जे नाव आणि जे स्पेलिंग असेल तेच फलकावर हवे, नाहीतर पाहुणा दोन वेगळे दरवाजे शोधत बसेल.

वाटसरू : नकाशावर 'दिल्ली गेट' आधीच छापून झाले आहे.