कोश न पाठवता डीकोडर चालतो कसा?

"डीकोडरच्या कोशात नसलेला कोड आला तर फाइल खराब समजायची का?" नाही, जीआयएफ चित्रांची फाइल लहान करणाऱ्या एलझेडडब्ल्यू पद्धतीत तसं एकदा तरी होतंच, सलग एकाच रंगाची रांग आली की.

पपपपपपक असे सात पिक्सेल घ्या (प पांढरा, क काळा). कोशात सुरुवातीला 0=प, 1=क. एन्कोडर, म्हणजे फाइल लहान करणारा भाग, पहिल्या प साठी 0 पाठवतो आणि 2=पप नोंदवतो. लगेच पुढचे दोन पिक्सेल म्हणजे 2, नोंद 3=पपप. त्यापुढचे तीन म्हणजे 3, नोंद 4=पपपक. उरलेला क म्हणजे 1. एकूण 0 2 3 1. फाइल उलगडणारा डीकोडर आलेल्या कोडांवरून तोच कोश स्वतः बनवत जातो, पण एक नोंद मागे असतो, त्यामुळे 2 येतो तेव्हा त्याच्याकडे 2 नसतोच. तेव्हा मागच्या तुकड्याला त्याचाच पहिला पिक्सेल जोडायचा: प+प=पप. मग 3 साठी पप+प.

मी पहिला जीआयएफ डीकोडर लिहिला तेव्हा हेच विसरलो होतो. फोटो नीट उघडायचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे लोगो पहिल्याच ओळीत बोंबलायचे. पुढच्या क्रमांकापेक्षाही मोठा कोड आला, तर मात्र फाइल खरंच बिघडलेली. आणि बचत? सात पिक्सेलांच्या सात बिटांच्या जागी तीन-तीन बिटांचे चार कोड, म्हणजे 12! एवढ्या छोट्या रांगेत तोटाच.