मदत हवी आहे: लीड टाइम १६ वरून ९ दिवसांवर आला, तरी सेफ्टी स्टॉक पाव हिश्शानेच का उतरतो?

मस्जिद_बंदर_स्लो
मंडळी, घाईत लिहितेय, उद्या सकाळी शेठसमोर बसायचंय. नागदेवी स्ट्रीटला दुकान, गोडाऊन भिवंडीला. ६२०४ बेअरिंग राजकोटहून येतं. पुरवठादार म्हणतोय की आता १६ ऐवजी ९ दिवसांत माल देतो. शेठचं म्हणणं, दिवस जवळपास निम्मे झाले तर अडीअडचणीसाठी जादा ठेवलेला सेफ्टी स्टॉकही त्याच मापात उतरायला हवा, म्हणजे १३२ नगांचे ७४. माझं एक्सेल ९९ च्या खाली जात नाहीये. रोजचा खप सरासरी ५०, स्टँडर्ड डेव्हिएशन २०, सर्व्हिस लेव्हल ९५ टक्के, म्हणून १.६५.

```
=1.65*20*SQRT(16)
=1.65*20*SQRT(9)
```

पहिल्याचे १३२, दुसऱ्याचे ९९. फॉर्म्युला चुकतोय की शेठ? थोडक्यात सांगा प्लीज.

भांडुपचा_हिशेबनीस
गणित बरोबर आहे. एका दिवसाचा चढउतार २० असला तरी सोळा दिवसांचा ३२० होत नाही, कारण सोळाच्या सोळा दिवस गिऱ्हाईक जास्तच नेईल असं घडत नाही. काही दिवस जास्त जातो, काही दिवस कमी, बरंचसं आपसात फिटतं. बेरीज होते ती वर्गांची. २० चा वर्ग ४००, सोळा दिवसांचे ६४००, त्याचं वर्गमूळ ८०. नऊ दिवसांचे ३६००, मूळ ६०. दोन्हींना १.६५ ने गुणा, तुमचेच आकडे येतील. निम्मा स्टॉक हवा असेल तर दिवस चौथाईवर आणावे लागतील. १६ चे ४ केलेत तरच १३२ चे ६६.

आता मला सांगा, हे १६ दिवस कुठून कुठपर्यंत मोजलेत? ऑर्डरचा पीओ निघाल्यापासून भिवंडीत माल उतरून जीआरएन होईपर्यंत, की पुरवठादार बोलतो ते? आणि ऑर्डर कधी टाकता, पातळी खाली आली की लगेच, की ठरलेल्या वारी?

मस्जिद_बंदर_स्लो
धन्यवाद काका. पीओ ते जीआरएन, कामाचे दिवस. ऑर्डर सोमवारी जाते, शेठ त्याच दिवशी सह्या करतात. पण त्याचा इथे काय संबंध?

रोखठोक_रमाकांत
वर्गमूळ वगैरे कॉलेजात ठीक. वीस वर्षं हार्डवेअरच्या धंद्यात आहे, आम्ही एकच हिशेब करतो: सगळ्यात जास्त खप गुणिले सगळ्यात जास्त दिवस, त्यातून सरासरी खप गुणिले सरासरी दिवस वजा. माल कधी संपत नाही. ताई, तुमचा जास्तीत जास्त खप आणि जास्तीत जास्त दिवस किती?

मस्जिद_बंदर_स्लो
एका दिवसात ११० गेलेत एकदा. मागच्या सहा खेपांचे दिवस १३, १९, १६, १२, २०, १६.

रोखठोक_रमाकांत
११० गुणिले २०, म्हणजे २२००. त्यातून ५० गुणिले १६, म्हणजे ८०० वजा. १४०० ठेवा आणि शांत झोपा.

भांडुपचा_हिशेबनीस
रमाकांतराव, ११० चा दिवस सलग वीस वेळा येईल आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात उशिराची खेप असेल, असं तुम्ही धरताय. शेठना १४०० सांगितले तर ताईंना नवी नोकरी शोधावी लागेल. शिवाय तुमचा अख्खा हिशेब एका विक्रमी दिवसावर उभा आहे. कुणी एकाने उद्या दीडशेची ऑर्डर दिली की तुमचा साठा २२०० वर जातो.

पण एका बाबतीत तुमचा मुद्दा खरा आहे. तुम्ही खेपेचे दिवस मागेपुढे होतात हे धरता, ताईंच्या सूत्रात ते कुठेच नाही. ते १६ म्हणजे अगदी घड्याळ लावून १६ समजतं. त्या सहा खेपांची सरासरी १६ च आहे, पण चढउतार सुमारे ३ दिवसांचा निघतो. रोज ५० जाणारा माल तीन दिवस उशिरा आला की १५० नगांचा खड्डा. त्याचा वर्ग २२,५०० त्याच वर्गमुळात घालावा लागतो:

```
=1.65*SQRT(16*20^2+50^2*3^2)
=1.65*SQRT(9*20^2+50^2*3^2)
```

पहिल्याचे सुमारे २८१, दुसऱ्याचे २६७. म्हणजे खरा आकडा १३२ नव्हताच, आणि सात दिवस वाचवूनही जेमतेम १४ नग सुटतात. खप बिचारा ६४०० चा धनी, उशिराचे २२,५००. मोठा आकडा जागचा हलला नाही तर छोटा कापून काय होणार?

आता उलटं करा. दिवस १६ च राहू द्या, पण चढउतार ३ वरून १ वर आणा. उत्तर १५६. राजकोटवाला लवकर देतो का, यापेक्षा बोललेल्या दिवशी देतो का, ते विचारा.

चकली_फ्रॉम_डोंबिवली
मस्त धागा! माझा फराळाचा छोटा व्यवसाय आहे. भाजणी देणारी मावशी आधी दहा दिवस घ्यायची, आता पाच घेते. वर्गमूळ लावून मी जादा भाजणी तीस टक्क्यांनी कमी केली तर चालेल ना? दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस रोजच प्रचंड ऑर्डर असतात, म्हणून विचारते.

भांडुपचा_हिशेबनीस
ताई, दिवाळीत नका करू. वर्गमूळ चालतं ते एक दिवस चढला आणि दुसरा उतरला तर. तुमच्याकडे पंधराही दिवस एकदमच चढतात, तिथे आपसात काही फिटत नाही. तेव्हा मागच्या दिवाळीच्या वहीवरून खपाचा अंदाजच वेगळा बांधा. आषाढात हवं तर वर्गमूळ लावा.

जीएसटी_जाणकार
पुरवठादार लवकर माल देत नसेल तर त्याचे पैसे थकलेत का ते आधी बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. वेळेत पैसे द्या, माल वेळेत येतो.

मस्जिद_बंदर_स्लो
पैसे थकलेले नाहीत. माल लवकर द्यायला तो स्वतःहून तयार झालाय, नगाला ३ रुपये जास्त घेऊन.

काका, सोमवारचं राहिलं.

भांडुपचा_हिशेबनीस
अहो, तीन रुपयांचं आत्ता सांगताय!

आधी सोमवार. मंगळवारी माल कमी पडेल असं दिसलं तरी ऑर्डर पुढच्या सोमवारीच जाणार. त्या सहा कामाच्या दिवसांतही खप वरखाली होतोच, म्हणून वर्गमुळात लीड टाइमच्या जोडीला तेही धरायचे. १६ चे २२ आणि ९ चे १५. उशीर क्षणभर बाजूला ठेवून, नुसत्या खपाच्या हिशेबाने १५५ वरून १२८. नऊ दिवसांचा करार करूनही सोमवारच्या सह्यांमुळे तुम्ही साधारण तिथेच येता, जिथे आत्ता आहोत असं तुम्हाला वाटत होतं. शेठ आठवड्यातून दोनदा सह्या करतील तर मधले सहा दिवस तीनवर येतील, आणि त्याला दमडी लागत नाही.

आता तीन रुपये. खरेदी दर किती आणि पैसे कधी देता?

मस्जिद_बंदर_स्लो
१५० च्या आसपास. माल आल्यावर ३० दिवसांनी.

भांडुपचा_हिशेबनीस
मग हिशेब सोपा आहे. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरा, रोज ५० नग, नगामागे ३ रुपये. ४५,००० रुपये जादा. बदल्यात काय मिळालं? तुमच्या मूळ सूत्राने ३३ नग सुटले, म्हणजे ४,९५० रुपये एकदाच मोकळे झाले. त्यावर १८ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ९०० च्या आत.

शेठ वेडे नाहीत बरं. ते बहुतेक रीऑर्डर लेव्हलचा विचार करतायत. माल वाटेत असताना होणारा खप आधी ८०० होता, आता ४५०, आणि तो सरळ दिवसांच्या मापातच उतरतो. सेफ्टी स्टॉक धरून ९३२ ची पातळी ५४९ वर येते, ती शेठच्या अंदाजाच्या जवळपास आहे. पण तो कमी झालेला माल गोडाऊनमध्ये नव्हताच, वाटेत किंवा कारखान्यात होता, आणि पैसे तुम्ही माल आल्यावर देता. आगाऊ पैसे भरत असतात तर ३५० नगांचे साडेबावन्न हजार मोकळे झाले असते. तुमच्या बाबतीत त्यातलं काही सुटत नाही.

रोखठोक_रमाकांत
आणि माल नसल्यामुळे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, त्याचं व्याज कुठल्या खात्यात टाकता? एकदा गेलेलं गिऱ्हाईक फिरकत नाही. तीन रुपये देऊन माल लवकर येत असेल तर घ्या, आणि साठा अजिबात कमी करू नका.

भांडुपचा_हिशेबनीस
गिऱ्हाईक जाऊ नये म्हणूनच ते १.६५ आहे. जास्त भीती असेल तर २.३३ धरा, ९९ टक्के होतील. १६ दिवसांना १८६, नऊला १४०. रक्कम वाढते, पण उतरण्याचं प्रमाण तेच, पाव हिस्सा. मात्र हे ९५ टक्के म्हणजे शंभरातली पंचाण्णव गिऱ्हाइकं खूश असं नाही. वीस खेपांपैकी एखादीच्या आधी माल संपेल, इतकाच त्याचा अर्थ. त्या एका वेळी तुटवडा दोन नगांचा की दोनशेचा, ते यात कळत नाही. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

वसई_रोड_जंक्शन
पावसाळ्यात तो ९ दिवस देतो की ९० ते बघू. जुलैत घोडबंदरला गाडी अडकली की तुमचं वर्गमूळ, घनमूळ सगळं एकाच रांगेत.

मस्जिद_बंदर_स्लो
@वसई, काल आमची गाडी तिथेच होती 😀

काका, आत्ता राजकोटला फोन केला. म्हटलं १६ दिवसच ठेवा, तीन रुपये नको, पण तारीख पक्की द्या. तो म्हणतो कारखान्यातून तो वेळेवर काढतो, पुढचं ट्रान्सपोर्टवाल्याच्या हातात. मग उशीर नक्की कुठे होतो ते मी कसं ओळखू?

भांडुपचा_हिशेबनीस
त्या सहा खेपांच्या बिल्टीवरची, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवरची तारीख काढा. पीओ ते बिल्टी आणि बिल्टी ते जीआरएन असे दोन रकाने करा. दिवस ज्या रकान्यात जास्त हलतात, उशीर तिथला. ट्रान्सपोर्टचा रकाना हलत असेल तर राजकोटवाल्याला तीन रुपये देऊन काहीच साधणार नाही, गाडी बदला. सहा खेपा फारच कमी आहेत, आणखी जुन्या मिळाल्या तर त्याही घ्या. आणि ९ दिवसांचं ठरलंच, तर पहिल्या सात-आठ खेपा येईपर्यंत साठ्याला हात लावू नका. नव्या कराराचा चढउतार ३ राहतो की कमी होतो, ते आज कोणीच सांगू शकत नाही.

मस्जिद_बंदर_स्लो
बिल्ट्या भिवंडीच्या फाइलमध्ये आहेत, गोडाऊनवाला सातला निघतो. फोन लावतेय.

चकली_फ्रॉम_डोंबिवली
काका, पण आषाढात माझ्याकडे ऑर्डरच नसतात. गणपतीचं काय करू?