प्रतिसाद: धपाटा आणि शिस्त

"चार वर्षांचा मुलगा बागेत मुलांवर वाळू फेकतो. धपाटा दिला की लगेच थांबतो, मग वेगळी शिस्त कशाला?"

थांबतो, पण तुम्ही समोर असेपर्यंतच. बागेत आजीबरोबर गेल्यावर फेकतो का, ते बघा. मार चुकवायला शिकलेलं मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की अनेकदा तेच लपून करतं, वर खोटं बोलतं.

वाळू फेकली की त्याच क्षणी, न ओरडता बाजूला बसवा. "डोळ्यांत जाते. फेकलीस तर खेळ बंद." दोन-तीन मिनिटांनी परत सोडा आणि बादलीत भरायला लावा, हातांना दुसरं काम हवंच. पुन्हा फेकली तर पुन्हा तेच. सुरुवातीला तो मुद्दाम जास्त फेकेल, नियम खरा आहे का ते बघायला. बहुतेक आईबाबांचा हात इथेच उठतो. आणि हो, आजीलाही हाच नियम पाळायला सांगा.