मदत हवी आहे: किमतीच चिकटलेल्या, मग अल्पकालीन पुरवठा वक्र वर चढतो कसा?

टिळकवाडीची_मुलगी:
नमस्कार मंडळी. बेळगावात एम.ए. अर्थशास्त्राला आहे. वर्गात सगळं इंग्रजीत, नोट्स मैत्रिणीच्या आणि त्या निम्म्या कन्नडात, म्हणून इथे मराठीत विचारते.

चिकट वेतनाचं मला पटलंय. उद्यमबागेतलं एक मशीनशॉप धरून मी हिशेब करून बघितला. माल गिऱ्हाइकाचा, आपण फक्त मशीनिंग करायचं, नगाला १०० रुपये. हजेरी ६०० रुपये, वर्षभरासाठी ठरलेली. सहावा कामगार ठेवला की दिवसाला ६ नग जास्त निघतात, म्हणजे त्याची हजेरी जेमतेम सुटते. सातवा सरासरी साडेपाच नग काढणार, म्हणजे ५५०, त्याला कोण ठेवेल? पण सगळीकडे भाव वाढून नगाला ११० मिळायला लागले आणि हजेरी ६०० च राहिली, तर तोच सातवा ६०५ आणून देतो. तो कामाला लागतो, उत्पादन वाढतं. हजेरीही ६६० झाली की सातवा परत घरी.

अडतंय ते चिकट किमतींपाशी. किमती हलत नाहीत म्हणायचं आणि आकृतीत किंमत पातळी वर गेलेली दाखवायची, हे कसं? माझ्या मते वक्र आडवाच यायला हवा.

खानापूरकर:
अगं सोपं आहे. खानावळवाल्याने मेनूकार्ड छापून घेतलंय, बाहेर बोर्ड रंगवलाय. दर बदलायचा तर सगळा खटाटोप परत, शिवाय रोजची गिऱ्हाइकं कुरकुरणार. म्हणून तो जुन्याच दराने थाळी देतो. बाकी सगळं महागलं की त्याची थाळी स्वस्त वाटते, गर्दी वाढते, तो जास्त थाळ्या करतो. वेतन घे नाहीतर किंमत घे, शेवटी मालकाचा नफा वाढतो म्हणून उत्पादन वाढतं. परीक्षेत दोन्हीकडे तेच लिही, मार्क मिळतात. मी केएएसच्या तयारीत असंच पाठ केलंय.

टिळकवाडीची_मुलगी:
दादा, थाळीचं कळलं. पण त्याचा नफा कसा वाढला? भाजी महाग, थाळी जुन्याच दराची. आणि सगळ्याच खानावळी अशा वागल्या तर "बाकी सगळं" महागलं कुठून?

वडगाव_माग:
हे कुठलं शास्त्र हो? आमच्याकडे सूत महागलं, साडीची मजुरी तीच, आणि गल्लीतले निम्मे माग बंद. महागाई वाढली तर उत्पादन वाढतं म्हणणाऱ्याने एकदा वडगावात येऊन बघावं.

निपाणीचे_मास्तर:
ताई, तुमची शंका रास्त आहे. सगळ्यांच्याच किमती चिकटलेल्या असतील तर वक्र आडवाच येतो. तो चढतो कारण काही जण चिकटलेले असतात आणि काही मोकळे. नोट्समध्ये हे एक वाक्य गाळलेलं असतं आणि तिथेच पोरं अडकतात.

दहा दुकानं धरा. पाच जणांनी पुढचा अंदाज बांधून दर १०० ठरवून टाकलाय, ते सध्या बदलणार नाहीत. उरलेले पाच केव्हाही बदलू शकतात. मागणी अनपेक्षितपणे वाढली आणि एकूण उत्पादन नेहमीपेक्षा ४ टक्के वर गेलं. काम वाढलं की ओव्हरटाइम द्यावा लागतो, अडगळीतलं मशीन चालवावं लागतं, म्हणून मोकळे पाच जण बाजाराच्या सरासरी पातळीपेक्षा २ रुपये जास्त दर लावू बघतात, असं मानू. मग ते १०४ लावतील. १०० आणि १०४ ची सरासरी १०२, आणि १०४ हे तिच्यापेक्षा बरोबर २ ने जास्त. हिशेब बसला. उत्पादन ४ टक्के वर, किंमत पातळी २ टक्के वर. हा तुमचा चढता वक्र.

आता आठ चिकटलेले आणि दोनच मोकळे असतील, तर मोकळे १०२.५० वर थांबतात आणि पातळी १००.५० येते. उत्पादन तेवढंच वाढलं, पण पातळी अर्धाच रुपया हलली. वक्र बराच सपाट झाला. जुन्या दरावर बसलेले जितके जास्त, तितके मोकळेही हात आखडून दर वाढवतात, कारण त्यांचं लक्ष सरासरीकडे असतं.

आणि दहाच्या दहा मोकळे असतील तर? प्रत्येकाला सरासरीपेक्षा २ रुपये वर राहायचंय, ते जमणार कसं? दर चढत राहतात आणि उत्पादन नेहमीच्या ठिकाणी परत आलं की मगच थांबतात. तो उभा वक्र.

खानापूरकर, तुमचं गर्दीचं बरोबर, नफ्याचं नाही. खानावळवाल्याला थाळीमागे कमीच सुटतं. तरी तो देतो, कारण लागत भरून थोडं उरतंय तोवर गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्याचा तोटा आहे. लागत थाळीच्या दरावर गेली की तो कार्ड नवीन छापतो, मग ही गोष्ट त्याला लागू नाही. मशीनशॉपच्या मालकाला मात्र प्रत्येक नगामागे खरंच जास्त सुटतं. दोन्हीकडे एकच वाक्य लिहू नका.

वडगावकर, तुमचं खोटं नाही, पण ती वेगळी घटना आहे. सूत महागलं म्हणजे खर्च वाढला, अख्खा वक्रच वर सरकला. इथे प्रश्न मागणी वाढल्यावर त्याच वक्रावर काय होतं, याचा आहे.

वडगाव_माग:
सरकू दे की सर, माग बंदच आहेत ना.

बिडीवाली_गल्ली:
आमच्या निपाणीत हजार बिड्यांची मजुरी महागाई भत्त्यासकट ठरते आणि भत्ता दरवर्षी १ एप्रिलला वाढतो. मग वेतन चिकट कसं म्हणायचं?

निपाणीचे_मास्तर:
भत्ता होऊन गेलेल्या महागाईचा मिळतो. मे महिन्यात अचानक भाव चढले तर पुढच्या एप्रिलपर्यंत आई-बहिणी जुन्याच मजुरीवर बिड्या वळतात. वेतन कधीच हलत नाही, असं कुणाचं म्हणणं नाही. उशिरा हलतं, एवढं पुरतं.

खानापूरकर:
बरं सर, नफ्याचं मान्य. पण दोन्हीतून वक्र चढताच येतो, तर कुठलं खरं हे ओळखायचं कसं?

निपाणीचे_मास्तर:
खरी मजुरी बघायची. ताईंच्या हिशेबात ६०० रुपयांची किंमत भाव वाढल्यावर जुन्या ५४५ एवढीच उरली. म्हणजे केवळ वेतनच चिकट असेल तर तेजीत खरी मजुरी घसरायला हवी आणि मंदीत वाढायला हवी. डनलॉप आणि टार्शिस या अर्थतज्ज्ञांनी १९३८ आणि १९३९ मध्ये आकडे तपासले, तर असं काही ठामपणे दिसेना. केन्सला १९३९ मध्ये त्यावर उत्तर द्यावं लागलं आणि आपलं गृहीत पुन्हा तपासायला हवं, हे त्यानेही मानलं. नंतरच्या आकड्यांतही खरी मजुरी तेजीत थोडी वाढते किंवा फारशी हलत नाही, असंच बहुतेक दिसतं. चिकट किमतींत ही अडचण येत नाही. माल जास्त काढायला माणसं लागतात, त्यांना ओढायला मजुरी वाढवली तरी गोष्ट मोडत नाही.

फौंड्रीवाला_उद्यमबाग:
सर, आमच्याकडे कंपनीबरोबर वर्षाचा रेट आणि युनियनबरोबर तीन वर्षांचा करार. दोन्ही चिकट. आम्ही कुठल्या रकान्यात?

निपाणीचे_मास्तर:
दोन्हीत. आणि तसं असलं की खरी मजुरी फारशी हलत नाही, हे आकड्यांशी जुळतंही. पण त्यातला किती भाग कराराचा आणि किती रेटचा, यावर अजून एकमत नाही.

टिळकवाडीची_मुलगी:
आभारी आहे सर, दहा दुकानांचा हिशेब वहीत उतरवून घेतला. एक राहिलं. मागणी घटली तर मोकळे पाच ९६ वर येतील ना? म्हणजे हिशेब उलटा तसाच? की दर उतरवताना ते जास्त अडून बसतात?

फौंड्रीवाला_उद्यमबाग:
आमचे तर अडून बसतात. रेट कमी करण्यापेक्षा एक शिफ्ट बंद ठेवतात.