जेल लावूनही तीन आठवड्यांत झुरळं परत, वार्षिक करार कसे मिळवायचे?

निफाडचा_पोरगा: मंडळी, बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय. दोन वर्षं एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडे मदतनीस होतो. आता नाशिकमध्ये स्वतःचं सुरू करतोय. फक्त घरगुती काम, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात चालेल असं. ओळखीच्या अकरा घरांत झुरळांसाठी जेल लावलं. पहिले दहा दिवस सगळे खूश, पण तीन आठवड्यांनी चार घरांतून फोन: "बारीक बारीक पिल्लं फिरतायत." आता वर्षाच्या कराराचं बोलायचं कुठल्या तोंडाने?

सुनीता_कोथरूड: आमच्याकडे दाराच्या चौकटीला वाळवी लागली आहे. तुम्ही पुण्यात येता का?

निफाडचा_पोरगा: ताई, मी नाशिकला असतो, आणि वाळवीचं काम अजून शिकलेलो नाही. ते वेगळं असतं, भोकं पाडून औषध सोडावं लागतं.

बंडू_फवारा: जेलच्या जोडीला स्प्रे मारत जा रे. मी बारा वर्षं हेच करतोय. जेल हळू मारतं, स्प्रेने लगेच पडलेली झुरळं दिसतात, गिऱ्हाईक पैसे देतं.

ओट्याखालचा_माणूस: बंडूशेठ, पडलेली झुरळं दाखवली की गिऱ्हाईक खूश होतं, हे खरं. पण जेलच्या आसपास स्प्रे बसला की झुरळ तिकडे फिरकत नाही आणि जेल तसंच वाळून जातं. ट्रॉलीत एक काहीतरी निवडा. मूल रांगतंय अशा घरात मी फक्त जेल निवडतो, तेही बिजागरीच्या आत, हाताला लागणार नाही असं.

पोरा, तुझं जेल चुकलेलं नाही, भेट चुकली. स्वयंपाकघरातलं ते लहान, तपकिरी झुरळ अंड्यांची डबी पोटाला चिकटवून फिरतं. एका डबीत तीस-चाळीस पिल्लं. डबी आधीच भरत आलेली असेल तर आई मेली तरी त्यातली काही पिल्लं बाहेर येतात. तोवर तुझं जेल संपलेलं किंवा पिठाने माखलेलं. म्हणून दुसरी भेट पंधरा ते वीस दिवसांनी, आणि ती पहिल्याच पैशांत धरायची. "मधे पिल्लं दिसतील, घाबरू नका" हे पहिल्या दिवशीच सांगायचं. नंतर सांगितलं तर तो बहाणा वाटतो.

जेलचा ठिपका मसुरीच्या डाळीएवढा. मोठे गोळे नकोत, लहान ठिपके जास्त जागी. शेगडीच्या मागे लावू नकोस, उष्णतेने सुकतं.

निफाडचा_पोरगा: दुसरी भेट मी ठेवलीच नव्हती. पण करार कसा पटवायचा?

ओट्याखालचा_माणूस: चिकट सापळ्यांनी. एका घरचं सांगतो. आजी, सून आणि दीड वर्षाचं बाळ. जेलच्या आदल्या रात्री तीन सापळे ठेवले: सिंकखाली, फ्रीजच्या मोटारीजवळ, मिक्सरच्या मागे. सकाळी अनुक्रमे 9, 34 आणि 6. म्हणजे मुक्काम मोटारीच्या उबेत होता, आणि घरातले मात्र सिंकला दोष देत होते. बहुतेक जेल फ्रीजपाशीच लावलं. अठराव्या दिवशी परत एक रात्र सापळे: 2, 7, 0, आणि ती सातही पिल्लंच. पुन्हा जेल. दीड महिन्याने तिन्ही रिकामे. हे आकडे तारखेसकट कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवले. कराराचा विषय आजींनीच काढला.

आता आकडा खाली येतच नसेल आणि ठिपके तसेच शिल्लक असतील, तर झुरळं ते जेल खात नाहीत. मग वेगळ्या औषधाचं जेल घे.

बंडू_फवारा: सापळे मोजत बसायला वेळ कुणाला आहे? बाकी दिवाळीच्या सफाईत बायका सगळं जेल पुसून टाकतात, हे मात्र मी पाहिलंय.

ओट्याखालचा_माणूस: हे बंडूशेठ अगदी बरोबर बोलले. म्हणूनच करारातली एक भेट मी दिवाळीची सफाई उरकल्यावरच ठेवतो, आणि आधी फोन करून विचारतो, "ट्रॉल्या पुसून झाल्या का?" तिमाहीच्या ठरीव तारखेपेक्षा लोकांना हा फोन लक्षात राहतो.

आणि लायसन्स काढलंस का? कीटकनाशक कायद्याखाली कृषी खात्याचं लागतं. केमिस्ट्रीची पदवी आहेच, पण किमान 15 दिवसांचं प्रशिक्षणही हवं. मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्र संशोधन संस्थेत किंवा हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत ते होतं. लायसन्स हातात येईपर्यंत स्वतःच्या नावाने काम घेऊ नकोस.

निफाडचा_पोरगा: नाही काढलं, ओळखीत चालतं असं वाटलं होतं. नवीन घरं थांबवतो. त्या चार घरांना काय सांगू?

ओट्याखालचा_माणूस: दुसरी भेट राहिली होती, हे खरं खरं सांग. लायसन्सवाल्या एखाद्या माणसाला सोबत घेऊन फुकट जाऊन ये. सापळे आधी ठेव.

शेजारीण_बदलापूर: आमच्या मजल्यावर एकाच घराने जेल लावलं. आमच्याकडे डक्टमधून येतातच. मग एका घराचा करार काय कामाचा?

ओट्याखालचा_माणूस: ताई, यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. डक्टच्या पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवतो, त्याने कमी होतात. पूर्ण मजला मिळाला तर फरक पडतो, पण सोसायटीत सहा घरांना एका वेळी राजी करणं मला आजवर दोनदाच जमलंय.